प्रयोगशाळेचं नाव VISH ठेवावं का?

भूजलवाला: आमच्या विद्यापीठात खारपाणपट्ट्यासाठी पाण्याची प्रयोगशाळा सुरू होतेय. नाव सुचलंय ‘विदर्भ इनिशिएटिव्ह फॉर सलाइन हायड्रॉलॉजी’, म्हणजे VISH. छोटं आहे, बोलायला सोपं आहे. ठेवावं का?

दर्यापूरची ताई: अजिबात नको. मी विहिरींचे नमुने घेत फिरते. बाटलीवर मार्करने आधी संस्थेचं नाव लिहायचं, मग विहिरीचा नंबर. विहिरीचा मालक शेजारी उभा राहून ते वाचतोच. VISH-7 लिहिलं की तो ‘विष सात’ वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार की त्याच्या विहिरीत विष निघालं. पाणी नुसतं खारट असलं तरी पुढच्या फेरीला तो तुम्हाला विहिरीपाशी येऊ देणार नाही.

मोर्शीकर: ताई, नावात एवढं काय आहे? सरकारच्या भूजल यंत्रणेचं नाव ‘जीएसडीए’, हा शब्द तरी आहे का? गावोगाव लोक बरोबर ओळखतात. काम चांगलं झालं की नाव रुळतं.

दर्यापूरची ताई: भाऊ, जीएसडीएला काही अर्थच निघत नाही, म्हणून ते चालून गेलं. इथे अर्थ निघतो, तोही पाण्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट.

निवृत्त प्राध्यापक: ताईंचं बरोबर आहे. आणखी एक बघा. नागपूरची नीरी 1958 साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात सार्वजनिक आरोग्य होतं आणि आद्याक्षरं होती CPHERI. 1974 मध्ये पर्यावरण आलं आणि NEERI झालं. दोन ई शेजारी आले म्हणून ‘नी’ दीर्घ झाला, आणि पाण्याशी जुळणारा नीर कानात राहिला. ‘वॉटर अँड लँड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ म्हणजे वाल्मी, तिथे तर मधल्या ‘अँड’नेच स्वर दिला. तेव्हा शब्दांची जागा बदलून पाहा: ‘सॅलिनिटी अँड ग्राउंडवॉटर अ‍ॅनालिसिस रिसर्च’, म्हणजे SAGAR. मराठीत कुणी चुकीचं वाचणार नाही.

अंजनगावचा शेतकरी: आमच्या बोअरचं पाणी मचूळ हाय. संत्र्याची पानं कडेनं करपतात. तिथं तपासून भेटंल का?

दर्यापूरची ताई: दादा, ती अजून सुरू व्हायची आहे. पण कुठेही द्यायचं असलं तरी मोटार दहाएक मिनिटं चालू ठेवा, मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून एक लिटर भरा.

मोर्शीकर: सागर म्हणजे तर खारंच पाणी! शिवाय सागर नावाच्या गोष्टी एवढ्या आहेत की मोबाइलवर शोधलं तर तुमची प्रयोगशाळा सापडायचीच नाही.

निवृत्त प्राध्यापक: शोधण्याचा मुद्दा मान्य. माझी खरी शंका वेगळी आहे. नावात सॅलिनिटी पक्की बसली आणि उद्या यवतमाळकडच्या फ्लोराइडचं काम आलं, तर एस अक्षराचं काय करणार?

भूजलवाला: सर, VISH मी मागे घेतो. ताई, बाटलीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण विभागप्रमुख ‘विदर्भ’ सोडायला तयार नाहीत, आणि व्ही पुढे ठेवून माझ्याकडून अजून एकही धड शब्द जुळलेला नाही.