मदत हवी आहे: रीडरमधल्या लेखाचा पान नंबर कोणता लिहायचा? उद्या सबमिशन

ऐनवेळची
उद्या रात्री अकरापर्यंत टर्म पेपर द्यायचाय. लिहून सगळं झालंय, फक्त सायटेशन राहिलंय आणि तिथेच घोडं अडलंय. मॅडमनी निवडक लेख एकत्र बांधून जो रीडर दिला त्यातूनच लेख वाचलाय. मी घेतलेलं वाक्य रीडरच्या पान ४४ वर आहे, पण लेखाच्या सुरुवातीला मॅडमनी मूळ माहिती दिलीय त्यात पानं १२४३ ते १२४८ अशी आहेत. सूचीत मी तेच लिहिलंय. मग कंसात ४४ लिहू? ते सूचीशी जुळत नाही. मागच्या पेपरात याच कारणाने मार्क गेलेत. प्लीज लवकर सांगा.

कडेलोट
४४ लिही आणि मोकळी हो. जे वाचलं त्याचं पान द्यायचं, एवढं साधं आहे.

तळटीप
थांब, लगेच ४४ लिहू नकोस. आधी तीन गोष्टी सांग. शैली कोणती, एपीए, एमएलए की शिकागो? लेख कोणता? आणि रीडरमधली पानं मूळ नियतकालिकावरून स्कॅन केलेली आहेत की कुणी नव्याने टाइप केली आहेत?

वर्डवाले काका
सोपं आहे. जिथून नंबर बदलायचाय तिथे `Section Break (Next Page)` टाका, मग फूटरमध्ये जाऊन `Link to Previous` बंद करा आणि `Format Page Numbers` मध्ये `Start at` ला हवा तो आकडा द्या. आमच्या ऑफिसात रोज करतो.

ऐनवेळची
काका, माझ्या पेपरचे नंबर ठीक आहेत हो. 🙏 प्रश्न मी वाचलेल्या लेखाच्या नंबरांचा आहे.
@तळटीप, शैली एपीए. सातवी आवृत्ती बहुतेक. लेख हार्डिन यांचा कॉमन्सवरचा, १९६८ चा. स्कॅन की टाइप, म्हणजे कसं ओळखायचं?

तळटीप
स्कॅन असेल तर पानाच्या तळाशी रीडरच्या नंबराखेरीज दुसरा, जुना नंबर दिसेल. हा लेख १३ डिसेंबर १९६८ च्या 'सायन्स'मध्ये आला होता, तेव्हा कोपऱ्यात कुठेतरी अंकाची तारीख किंवा खंड १६२ असंही दिसायला हवं. मजकूर अरुंद स्तंभांत असेल. ते दिसलं तर काम संपलं, तो छापील नंबर उचलायचा. ४४ हा गठ्ठा बांधताना मारलेला शिक्का आहे, पुढच्या वर्षी मॅडमनी एक लेख वाढवला की तो ५८ होईल.

ऐनवेळची
नाही, सलग ओळी आहेत, स्तंभ नाहीत. जुना नंबर कुठेच नाही. म्हणजे टाइप केलेला. संपले मी.

पायथागोरस_२
संपली नाहीस. त्रैराशिक मांड. रीडरमध्ये लेख कुठून कुठे?

ऐनवेळची
४१ ते ४७.

पायथागोरस_२
सात पानं. ४४ म्हणजे बरोब्बर मधलं. मूळ सहा पानांचा मध्य १२४५ आणि १२४६ च्या सीमेवर. १२४५ लिही, कोण तपासतंय! मी अख्खा प्रबंध असा काढलाय.

तळटीप
तुमच्या प्रबंधाचं मला माहीत नाही, पण इथे उत्तर चुकलं. तिने वाक्य सांगितलेलं नाही तरी अंदाज आहे, सगळे तेच घेतात. कॉमन्समधलं स्वातंत्र्य सगळ्यांचा नाश करतं, तेच ना? ते १२४४ वर आहे.

ऐनवेळची
हो तेच!! पण मग १२४५ का येत नाही?

तळटीप
कारण तुझा रीडर म्हणजे मूळ लेख जसाच्या तसा नसावा. दोन गोष्टी बघ. सुरुवातीला मॅडमची प्रस्तावना किंवा प्रश्न आहेत का? आणि उपशीर्षकं ओळीने वाचून बघ. मूळ लेखात 'Freedom to Breed Is Intolerable' नंतर सद्सद्विवेकावरची दोन प्रकरणं येतात, 'Conscience Is Self-Eliminating' आणि 'Pathogenic Effects of Conscience'. ती आहेत का?

ऐनवेळची
बापरे. सुरुवातीला दीड पान मॅडमचं आहे, "वाचताना लक्षात ठेवा" वगैरे. आणि ती दोन उपशीर्षकं नाहीतच, थेट 'Mutual Coercion' वर उडी आहे. शेवटी संदर्भही नाहीत. मला वाटत होतं मी पूर्ण लेख वाचलाय.

तळटीप
हेच. पुढे दीड पान वाढलं, मधून मजकूर गेला, मग कुठलं त्रैराशिक लागणार? रीडर कापलेला आहे हे ओळखायची आणखी एक खूण म्हणजे टिपांचे आकडे. मजकुरात टिपेचा आकडा पाचावरून एकदम नवावर गेला तर मधलं काहीतरी उडालंय.

आता एपीएपुरतं. आधी प्रसिद्ध झालेला लेख रीडरमध्ये वाचला तरी नोंद मूळ लेखाचीच करायची, रीडरचा उल्लेखही नको. सूचीतली तुझी नोंद अशी असायला हवी:

```
Hardin, G. (1968). The tragedy of the commons. Science, 162(3859), 1243–1248. https://doi.org/10.1126/science.162.3859.1243
```

(नियतकालिकाचं नाव आणि १६२ तिरक्या अक्षरांत, ते इथे दिसत नाही.) आणि मजकुरात:

```
(Hardin, 1968, p. 1244)
```

पण माझ्या शब्दावर १२४४ लिहू नकोस. डीओआय ब्राउझरमध्ये टाक, लायब्ररीच्या लॉगिनने पीडीएफ उघड आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

कडेलोट
म्हणजे जे पान तिने उघडलंच नाही ते वाचल्याचा आव आणायचा? मी दिलेलं उत्तर निदान प्रामाणिक तरी आहे. एमएलएत आम्ही रीडरचंच पान देतो आणि आमच्या सरांना चालतं.

तळटीप
एमएलएत तुमचं बरोबर असू शकतं, ते नाकारत नाही. तिथे रीडरलाच संकलित पुस्तक धरून, शिक्षकांना संकलक म्हणून, नोंद करता येते. पण मग सूचीतही रीडर आणि ४१–४७ हवेत. सूचीत 'सायन्स' १२४३–१२४८ आणि कंसात ४४, ही खिचडी कुठल्याच शैलीत चालत नाही, तिचे मार्क बहुधा याच्यावरच गेले असतील. कंसातलं पान सूचीतल्या नोंदीच्या हद्दीतलं असायला हवं. आणि आव आणण्याबद्दल म्हणाल तर म्हणूनच पीडीएफ उघड म्हटलं.

मेघना_वाचते
इतकं कशाला? "अॅज सायटेड इन" लिहून रीडर द्यायचा की. दुय्यम संदर्भ.

तळटीप
नाही. ते एका लेखकाने दुसऱ्याचं वाक्य आपल्या लेखात उद्धृत केलं असेल तेव्हा. रीडर कुणाला उद्धृत करत नाही, तो फक्त पुन्हा छापतो.

ऐनवेळची
लायब्ररीचं लॉगिन चालत नाहीये. 😭 आज रात्री मिळालंच नाही तर?

मेघना_वाचते
मग उपशीर्षक आणि परिच्छेद. एपीएत पान नसेल तर हे चालतं, मी वेबपेजसाठी नेहमी करते. तुझं वाक्य त्या विभागात कितव्या परिच्छेदात आहे?

ऐनवेळची
सहाव्या.

मेघना_वाचते
```
(Hardin, 1968, Tragedy of Freedom in a Commons section, para. 6)
```

जुना_मुद्रितशोधक
परिच्छेद मोजायचे नसतात! छापलेला क्रमांक असेल तरच द्यायचा. बोटं मोजून संदर्भ देणं हा नवा उद्योग आहे.

मेघना_वाचते
तो नियम एमएलएचा, आजोबा. एपीए स्पष्ट सांगतं की क्रमांक नसतील तर स्वतः मोजा.

जुना_मुद्रितशोधक
आजोबा म्हटलंत, चालेल. पण तेच वाक्य मोजून दाखवा. त्याच्या आधी लेखकाने फायदा आणि तोटा असे १) आणि २) क्रमांक घालून दोन मुद्दे दिले आहेत. ते परिच्छेद धरले तर एक आकडा, नाही धरले तर दोनने कमी. टाइप करणाऱ्याने ते जोडून टाकले असतील तर आणखी तिसराच. वाचणाऱ्याने कुठला सहावा शोधायचा?

तळटीप
मुद्रितशोधकांचा मुद्दा रास्त आहे, नियम एपीएचा असला तरी. त्यात हा रीडर कापलेला, म्हणजे मूळ लेखाशी मोजणी जुळेलच असं नाही. हा विभाग तिच्याकडे पूर्ण आहे असं दिसतं, म्हणून नाइलाज झाला तर मेघनाचं चालवून घ्यावं. फक्त उपशीर्षक दिलं तरी अडत नाही, विभाग लहान आहे. पण पान सापडलं तर पानच. परिच्छेद हा पान नसलेल्या मजकुरासाठी आहे, आणि या लेखाला पान आहे, तुझ्या रीडरने ते पुसलंय इतकंच.

खिडकीपाशी
माझंही असंच आहे, फक्त उलट. आमच्या रीडरमध्ये अनुवादित उतारे आहेत, वर लेखकाचं नाव आणि "संकलित" एवढंच. वर्ष नाही, अनुवादक नाही, पुस्तक नाही. सर निवृत्त झालेत आणि फोन उचलत नाहीत. काय करू?

पायथागोरस_२
सलग सात-आठ शब्दांचा विचित्रसा तुकडा अवतरणचिन्हात घालून शोधा. पुस्तकांच्या शोधात पानाची चिंधी तरी दिसते, तिच्यावर बऱ्याचदा नंबर असतो.

खिडकीपाशी
शोधलं. अनुवाद सरांनीच केला असावा असा संशय येतोय, कुठेच सापडत नाही.

तळटीप
मग तो अप्रकाशित मजकूर, आणि तेव्हा मात्र रीडरच तुमचा स्रोत. रीडरला संकलन मानून नोंद करा आणि पानही रीडरचंच द्या. पण संशयावर सरांना अनुवादक म्हणून छापू नका. विभागात जुन्या रीडरची प्रत असेल तर तिचं पहिलं पान बघा, श्रेयाच्या ओळी तिथे असतात आणि झेरॉक्स काढताना नेमकं तेच पान गळतं.

जुना_मुद्रितशोधक
"संकलित" लिहिणाऱ्यांना एक दिवस मुद्रितं तपासायला बसवलं पाहिजे. आमच्या वेळी—

वर्डवाले काका
`Restart numbering` पण बघा, कधी कधी त्यानेच गोंधळ होतो.

ऐनवेळची
मैत्रिणीच्या लॉगिनने पीडीएफ मिळाली!! १२४४ आहे. पण ऐका. रीडरमध्ये `Freedom in the commons` असं टाइप केलंय आणि मी ते तसंच्या तसं अवतरणात घातलं होतं. मूळ लेखात `Freedom in a commons` आहे. म्हणजे पान बरोबर दिलं असतं तरी वाक्य चुकलं असतं.

तळटीप
आता बाकीची अवतरणंही त्या पीडीएफशी ताडून बघ. जिथे एक शब्द बदलला तिथे आणखी बदलले असतील.

ऐनवेळची
अजून पाच आहेत. बसते. दुसरं एक 'Mutual Coercion'मधलं आहे, ते १२४७ वर सापडलं, शब्द बरोबर आहेत.

कडेलोट
मॅडमना सांग त्यांच्या रीडरमध्ये चूक आहे म्हणून.

ऐनवेळची
मार्क लागल्यावर सांगते.

खिडकीपाशी
विभागात जुनी प्रत आहे म्हणे, पण कपाटाची किल्ली सरांकडेच आहे.