लेखी माफी मागायला शिक्षकांना एवढं जड का जातं?

सहावी_ब_ची_आई: मुलगी सहावीत, राज्य मंडळाची खाजगी अनुदानित शाळा. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात गणिताच्या लेखी परीक्षेचे ४० पैकी १३ गुण लागले. पेपर मागवून बघितला तर ३१! वर्गशिक्षिकेने मला व्हॉट्सॲपवर 'चुकून झालं, सॉरी' आणि हात जोडलेलं चित्र पाठवलं. घरी आणलेल्या पुस्तकात व्हाइटनर फासून ३१ लिहून दिलं. मी म्हटलं, लेखी चिठ्ठी द्या. तर 'आमच्याकडे तशी पद्धत नाही.' या दोन आठवड्यांत मुलीला घरी किती बोललो आम्ही! चूक लिहून मान्य करायला शिक्षकांना लाज वाटते का?

खडूची_धूळ: ताई, उत्तर लांब होणार आहे, कारण शेवटचा प्रश्न वाचून डोकं फिरलं.

लाज नाही वाटत, भीती वाटते. आमच्या शाळेत एका बाईंनी असंच साधं माफीचं पत्र दिलं. पालकांनी ते फोटो काढून गावभर फिरवलं, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, मग कारणे दाखवा नोटीस. चूक होती दोन गुणांची. त्यानंतर आमच्याकडे कोणी कागदावर काही लिहून देत नाही.

वर्गात ५८ मुलं, विषय नऊ, प्रत्येकाचे आकारिक, तोंडी, लेखी असे आकडे वेगवेगळे. एवढं सगळं पेपरवरून गुणतक्त्यात, तिथून निकालपत्रकात, तिथून प्रगतिपुस्तकात हाताने उतरवायचं. तेही मतदार यादीची घरं फिरून आल्यावर रात्री. एखादा आकडा उलटा पडणारच. आणि मुलीला घरी बोलणारे तुम्ही, ते माफीपत्र कोण देणार?

वसुली_अधिकारी: अशैक्षणिक कामांना शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. शिक्षकांनी सरळ नकार द्यावा. रडायचं आणि करायचंही, हे काय?

खडूची_धूळ: कायदा वाचलाय का? कलम २७ मध्ये बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं त्यातून वगळली आहेत. मतदार यादी निवडणुकीतच येते. नकार द्या म्हणे! दिला की कारवाई आमच्यावर, तुमच्यावर नाही.

वसुली_अधिकारी: बरं, अपवाद आहेत. पण मग प्रत्येक चुकीला निवडणूकच कशी कारण? मी बँकेत आहे. आमच्याकडेही मार्चअखेर रात्री अकरा वाजतात. खात्यात १३ च्या जागी ३१ गेले तर ग्राहकाला 'निवडणूक होती' सांगतो का?

खडूची_धूळ: तुमच्याकडे यंत्र बेरीज जुळवतं. आमच्याकडे मुख्याध्यापक म्हणतात 'बघून घ्या'. एक दिवस येऊन ५८ पुस्तकं भरून दाखवा.

वसुली_अधिकारी: येतो. तुम्ही एक दिवस वसुलीला या.

डोंबिवलीकर_बाबा: भांडण थांबवा. ताई, बोर्डाकडे गुणपडताळणीचा अर्ज करा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. माझ्या पुतण्याचे दहावीला विज्ञानात चार गुण वाढले.

सहावी_ब_ची_आई: दादा, सहावी आहे. बोर्डाचा काय संबंध?

निवृत्त_मुख्याध्यापक: मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत.

बाई, तुम्ही माफीच्या मागे लागलात आणि दुरुस्ती अर्धवट राहू दिलीत. एक आकडा बदलून भागत नाही. सहावीला आकारिक ५० आणि संकलित, म्हणजे तोंडी व लेखी मिळून, ५०. आकारिक ४३, तोंडी ९ धरा. लेखी १३ असताना एकूण ६५, म्हणजे ब-२. लेखी ३१ झाले की ८३, म्हणजे अ-२. श्रेणी दोन पायऱ्या चढली. मग वर्णनात्मक नोंद बघा. '६५' बघून जी लिहिली गेली, ती ८३ ला लागू पडते का? आणि शाळेच्या निकालपत्रकात काय आहे? घरचं पुस्तक ३१ म्हणत असेल आणि शाळेचं पत्रक १३, तर वार्षिक निकाल करताना पत्रकातला आकडाच घेतला जाईल.

व्हाइटनर तर अजिबात नको. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तो वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, दुरुस्ती करणाऱ्याची सही, तारीख, आणि मुख्याध्यापकांची सही. पुसलेला आकडा उद्या कोणीही 'पैसे देऊन वाढवला' म्हणू शकतो. रेघ मारलेला आकडा त्या बाईंना वाचवतो.

चिठ्ठी मी असताना अशी जायची: 'आपल्या पाल्याच्या प्रथम सत्राच्या प्रगतिपुस्तकात गणित लेखीचे गुण ३१ ऐवजी १३ असे मी उतरवले. त्यामुळे एकूण गुण ८३ ऐवजी ६५ आणि श्रेणी अ-२ ऐवजी ब-२ लागली. निकालपत्रक, प्रगतिपुस्तक आणि वर्णनात्मक नोंद या तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आहे. आपल्याला व पाल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.' खाली वर्गशिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची सही. कारणं नाहीत, निवडणूक नाही. मुख्याध्यापकांची सही असली की ते शाळेचं पत्र होतं, एकट्या बाईंना फाडून खाता येत नाही. खडूची_धूळ यांच्या शाळेत तेच राहून गेलं असावं.

खडूची_धूळ: सर, तुमच्यासारखे मुख्याध्यापक असते तर! आमचे म्हणतात, 'तुमची चूक, तुम्हीच निस्तरा.' बाकी रेघेचं पटलं. व्हाइटनर आमच्याकडेही सर्रास चालतं.

वसुली_अधिकारी: बँकेतली एक युक्ती फुकट देतो. दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. ३१ वजा १३, अठरा. पेपरांच्या गुणांची बेरीज आणि पत्रकाच्या स्तंभाची बेरीज जुळली नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर आधी उलटा आकडा शोधा. ५८ ओळींची बेरीज मोबाइलवर दहा मिनिटांत होते.

निवृत्त_मुख्याध्यापक: उपयोगी आहे. मात्र दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, एकाला १८ कमी आणि दुसऱ्याला १८ जास्त लागले तर बेरीज बिनबोभाट जुळते.

वसुली_अधिकारी: मान्य. मास्तर शेवटी मास्तरच.

कोल्हापूरची_मावशी: आमच्याकडे उलटं झालं. नातवाला इतिहासात चुकून १८ जास्त लागले होते. सुनेने प्रामाणिकपणे शाळेत जाऊन सांगितलं, तर गुण कमी केले आणि चिठ्ठीही नाही. पोर महिनाभर आईशी बोललं नाही. तिथं माफी कुणी मागायची होती?

खडूची_धूळ: मावशी, चिठ्ठी तिथंही द्यायलाच हवी होती. पण त्या पोराला कोण समजावणार, हे मला सांगता येणार नाही.

सहावी_ब_ची_आई: सरांचं वाचून पुस्तक पुन्हा काढलं. एकूण गुण जुनेच आहेत, श्रेणीही जुनीच आहे. नोंदीत 'गणितातील मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक'. फक्त ३१ पांढऱ्यावर निळ्या शाईत. सोमवारी जाते.

खडूची_धूळ: जा. पण आधी वर्गशिक्षिकेला भेटा, थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नको. आणि शाळेच्या गेटबाहेर फोटो काढू नका.

सहावी_ब_ची_आई: फोटो काढलाय. कुठेही टाकणार नाही. सध्या तरी.