मातीचा ओलावा: किती आकडे ठेवायचे?

> “वणीजवळच्या वावरातली काळी माती. रिकामी डबी २०.० ग्रॅम, ओल्या मातीसह ६२.४, वाळवल्यावर ५४.१. ओलावा २४.३४०२ टक्के आला. पेपरमध्ये किती आकडे ठेवू, एरर बार किती देऊ?”

तुमचा काटा ०.१ ग्रॅमचा आहे, म्हणून प्रत्येक वजनात ±०.१ धरू. पाणी ८.३ ग्रॅम, कोरडी माती ३४.१, आणि ओलावा म्हणजे पाणी भागिले कोरडी माती. दोन्ही वजाबाक्यांत अनिश्चितता ०.१४ ग्रॅम येते. पाण्यावर ती १.७ टक्के होते आणि मातीवर जेमतेम ०.४, म्हणजे खरी अडचण पाण्याच्या छोट्या आकड्यात आहे.

बहुतेक जण इथे हे दोन टक्के वर्ग करून मिळवतात आणि ±०.४ लिहितात. ते चूक आहे, कारण ५४.१ हे वजन भागाकारात वर आणि खाली दोन्हीकडे आहे. ते वाढलं की पाणी कमी होतं आणि माती वाढते, दोन्ही परिणाम ओलावा एकाच दिशेला ढकलतात. म्हणून तिन्ही वजनांचे आंशिक अवकलज वेगवेगळे काढा, प्रत्येकाला ०.१ ने गुणा, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. उत्तर ±०.४७ येतं. लिहा: २४.३ ± ०.५ टक्के.

पण हा एरर बार फक्त काट्याचा झाला, वावराचा नाही. त्याच वावरातून आणखी चार डब्या भरा. समजा २६.१, २२.८, २५.४, २३.६ आले, तर सरासरी २४.४, प्रमाण विचलन १.३ आणि सरासरीची प्रमाण त्रुटी ०.६. वावराबद्दल बोलायचं तर आलेखावर यातलंच एक दाखवा, आणि कोणतं ते, पाच नमुन्यांच्या उल्लेखासह, आकृतीखाली लिहाच.