तोटा वजा होत नाही

> 'बिटकॉइनमध्ये ४०,००० कमावले, इथरमध्ये ३०,००० घालवले. म्हणजे कर १०,००० वरच ना?'

नाही हो. कर पूर्ण ४०,००० वर लागतो: ३० टक्के म्हणजे १२,०००, त्यावर ४ टक्के सेस ४८०. इथरचा तोटा वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हातात १०,००० आणि कर १२,४८०! इथं नाशकात माझ्या भाच्याचं अगदी हेच झालं. त्याच्या वहीत फक्त महिनाअखेरची शिल्लक होती.

म्हणून प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ लिहा: खरेदीची तारीख, खरेदी किंमत, विक्रीची तारीख, विक्री किंमत, कापलेला १ टक्का टीडीएस. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच, आणि नवख्यांची नेमकी हीच ओळ लिहायची राहून जाते.