मदत हवी आहे: पडझडीत महिनाभर धरून ठेवलं आणि नेमकं तळाशी विकलं, असं का झालं?

सावली

नमस्कार. गोष्ट जुनी आहे, पण मनातून जात नाही. परत तशी वेळ आली तर मी परत तेच करीन अशी धास्ती आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझे पैसे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून १९ फेब्रुवारी २०२० च्या शिखराला १०० धरते आणि माझ्याकडे १०० युनिटं होती असं समजा. २७ फेब्रुवारीला भाव ८८ झाला, मी हललेही नाही. १२ मार्चला एका दिवसात साडेनऊ टक्के पडला आणि ७३ वर आला. मधे थोडा सावरला, पण १६ तारखेला एका दिवसात परत बारा टक्के गेले. तरीही मी थांबले. आणि मग शुक्रवारी, २० मार्चला, ६८ च्या आसपास सगळं विकून मोकळी झाले. खरं तर तो काही सर्वांत वाईट दिवस नव्हता. फरक एवढाच होता की आमचा सहा जणांचा गट होता आणि गुरुवारी रात्रीपर्यंत त्यातले चौघं बाहेर पडले होते.

त्या रात्री कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली. सोमवारी भाव ६६ झाला तेव्हा तर आपण वाचलो असंच वाटलं. मंगळवारी तो एकदम नऊ टक्क्यांनी उसळून ७२ झाला. मी ठरवलं, ६८ ला परत येऊ दे, मग घेते. तो आलाच नाही. शेवटी ९ नोव्हेंबरला, करोनाच्या लशीची बातमी आली त्या सोमवारी, १०५ ला परत घेतलं.

दोन प्रश्न आहेत. लॉस अव्हर्जनबद्दल, म्हणजे तोट्याच्या भीतीबद्दल, सगळीकडे वाचलं की माणूस तोट्यातली गोष्ट विकत नाही, धरून बसतो. मग मी उलट का वागले? आणि पुढच्या वेळी काय करू? 'दहा वर्षं हात लावायचा नाही' असं मी कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद त्या महिन्यात एकदाही उघडला नाही.

रोखठोक

उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. चौघं गेले म्हणून तुम्ही गेलात. ही कळपवृत्ती, यात गूढ काही नाही. सगळे विकत असताना विकणारा कायम चुकतो. उपाय म्हणजे दहा टक्क्यांवर स्टॉप लॉस लावायचा, म्हणजे भाव तेवढा पडला की आपोआप विकण्याची सूचना देऊन ठेवायची, आणि विसरून जायचं. ९० च्या आसपास बाहेर पडला असतात, ६८ ची वेळच आली नसती.

अबोली

सावली, मला तुझा हेवा वाटतो. माझ्याकडे एकाच कंपनीचे शेअर होते. १०० चे ६० झाले, ३० झाले, शेवटी ८. दर वेळी म्हणायचे, निदान घेतलेल्या भावाला आले की विकीन. सहा वर्षं थांबले. ती कंपनी आता बाजारात नाही. तू विकलंस ते बरोबरच केलंस, पैसे तरी हातात राहिले. स्वतःला दोष देऊ नकोस.

जुना खलाशी

अबोली, तुमचं दुःख खरं आहे, पण सावलींचा प्रश्न वेगळा आहे. तरी तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण तुमची आणि त्यांची गोष्ट एकाच मुळातून निघते.

कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट अशी की माणूस आपल्याकडे एकूण किती आहे हे मोजत नाही. मनात एक खूण असते आणि तिच्या वर की खाली एवढंच तो मोजतो. खुणेच्या खाली गेलेला रुपया वर आलेल्या रुपयाच्या साधारण दुप्पट जाणवतो. अबोलींची खूण होती खरेदीचा भाव. ती सहा वर्षं जागची हलली नाही. खुणेखाली असलेला माणूस तिथे परत पोचण्यासाठी वाटेल तो धोका पत्करतो, म्हणून त्या धरून बसल्या. सावली, १६ मार्चपर्यंत तुम्हीही हेच करत होतात. तुमची खूण १०० होती.

माझ्या मते १६ आणि २० मार्चच्या दरम्यान तुमची खूण सरकली. गटातले चौघं गेले, म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे बघून '१०० परत येणार' म्हणत होतात, त्यांनीच तो विचार सोडला. मग उरलेले ६८ हीच तुमची पुंजी ठरली आणि ६७ हा आधीच झालेल्या तोट्याचा भाग न राहता नवा तोटा वाटू लागला. कळप आणि लॉस अव्हर्जन ही दोन वेगळी कारणं नव्हतीच. कळपाने खूण हलवली आणि पुढचं काम तोट्याच्या भीतीने केलं. १०० चा हट्ट सुटला की माणसाला धरून ठेवणारी दोरीही सुटते. रात्रीची ती शांत झोप हेच त्याचं लक्षण आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. विकल्यामुळे झालेलं तुमचं नुकसान फार थोडं आहे. आकडे मांडून बघा. ६८ ला विकून लगेच पुढच्या मंगळवारी ७२ ला परत घेतलं असतं तर १०० पैकी ९४ युनिटं हातात राहिली असती. एप्रिलअखेर, भाव ८६ असताना घेतलं असतं तर ७९. नोव्हेंबरात घेतलं म्हणून ६५ उरली. ३५ युनिटं गेली, त्यातली फक्त ६ घाबरून विकण्याची किंमत आहे. बाकीची २९ नंतरच्या आठ महिन्यांत गेली.

आणि ते आठ महिने का गेले? कारण विकल्याबरोबर तुमची खूण ६८ वर येऊन बसली. त्याच्या वर घेणं म्हणजे 'स्वस्तात विकलं, महाग घेतलं' अशी स्वतःविरुद्ध कबुली. ती द्यायला मन तयार होईना. अबोली '१०० आले की विकीन' म्हणत होत्या, तुम्ही '६८ आले की घेईन' म्हणत होतात. एकच वाक्य आहे ते. नोव्हेंबरात परत कळपानेच खूण हलवली, या वेळी वरच्या बाजूला.

रोखठोक, म्हणूनच स्टॉप लॉस अर्धंच काम करतो. ९० च्या आसपास बाहेर काढतो हे खरं, पण आत कधी यायचं हे सांगत नाही. ७० ला घेण्याची हिंमत असलेला माणूस ७० ला विकत नाही. आणि 'सगळे विकत होते' हेही तितकंसं खरं नाही. विकलेली प्रत्येक युनिट कोणीतरी घेतलीच होती, फक्त कमी भावाने. दुसरे विकतायत याचा अर्थ कधी कधी त्यांना काही ठाऊक आहे असाही असतो. अबोलींच्या कंपनीत विकणारा कळप बरोबर होता.

रोखठोक

विकत घेणारे असतात हे मान्य. पण मग बरोबर कळप आणि चुकीचा कळप आधी ओळखायचा कसा? नंतर सगळ्यांनाच कळतं.

जुना खलाशी

पूर्ण ओळखता येत नाही. मी तीन गोष्टी तपासतो: पैसे लागण्याची तारीख बदलली का, माझं उत्पन्न बदललं का, आणि जे घेतलंय त्याच्या आतलं काही बदललं का. तिन्हींचं उत्तर नाही असेल, आणि बदललाय तो फक्त भाव आणि लोकांचं बोलणं, तर विकण्याची इच्छा बाहेरून आलेली आहे असं मी धरतो. 'आज हातात रोख असती तर हे घेतलं असतं का' हा प्रश्न पुष्कळ जण सुचवतात. पडझडीत मला तो निरुपयोगी वाटतो, कारण घाबरलेला माणूस तिथेही नाहीच म्हणतो.

एकाच कंपनीच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. पाचशे कंपन्यांच्या निर्देशांकात तो सहसा लहान. पण निर्देशांक परत येतोच, असंही समजू नका. २०२० ची घसरण ऑगस्टमध्येच भरून निघाली, त्यामुळे लोकांना उगाच खात्री वाटू लागली. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये हाच निर्देशांक ५७ टक्के पडला आणि जुन्या शिखरावर यायला २०१३ उजाडलं. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस जिथे होता, तिथे परत पोचला तो २०२४ मध्ये.

पिंपळपान

इथे एक बाजू राहून जातेय. त्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली होती आणि मी ६६ ला विकलं. मला कुठलीही मानसिक खोड नव्हती, घर चालवायला पैसे लागत होते. तळाशी विकणाऱ्यांत असे किती असतात, आणि उधारीवर घेतल्यामुळे ज्यांना दलालाने विकायला लावलं ते किती? प्रत्येक विकणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

जुना खलाशी

अगदी बरोबर. तुमच्या बाबतीत माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय होतं. तिथे चूक शोधायची तर ती विकण्यात मिळणार नाही. काही महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला होता का, हे मागे जाऊन बघावं लागेल.

सावली

खूप आभार. ९४ आणि ६५ चा हिशेब मी कागदावर करून बघितला. एवढी वर्षं मी २० मार्चला शिव्या देत होते, आणि घोटाळा त्यापुढच्या मंगळवारी सुरू झाला होता हे लक्षातच आलं नाही. पण प्रत्यक्षात करायचं काय? आणि मी तेव्हा दिवसातून दहा वेळा भाव बघत होते, त्याचा काही संबंध?

जुना खलाशी

आहे, मोठा आहे. हा निर्देशांक शंभर दिवसांत साधारण ५३-५४ दिवस वर जातो, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. तोटा दुप्पट जाणवतो असं धरलं तर रोज बघणाऱ्याच्या मनात सुखाचे ५४ आणि दुःखाचे ९२ जमा होतात. वर्षातून एकदाच बघणाऱ्याला साधारण चारपैकी तीन वर्षं चढती दिसतात, त्याच्याकडे सुखाचे ७५ आणि दुःखाचे ५०. बाजार तोच, फक्त बघण्याची वारंवारता वेगळी. बेनार्ट्झी आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा नीट मांडला.

करायचं म्हणाल तर 'हात लावायचा नाही' हा कागद मी फाडून टाकीन. हात लागतोच, आणि एकदा नियम मोडला की पुढे काय करायचं हे त्यात लिहिलेलं नसतं. त्याऐवजी असं लिहा: एका वेळी पाव हिस्साच विकीन, आणि विकल्याच्या दिवसापासून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, भाव कितीही असो, तीन सारख्या हप्त्यांत परत घेईन. भाव लिहायचा नाही, तारीखच लिहायची. भाव लिहिला की तीच नवी खूण होते. हप्त्याची सूचना विकतानाच देऊन ठेवता आली तर उत्तम.

त्याआधी मुळात किती हिस्सा बाजारात ठेवायचा ते बघा. निम्मी रक्कम मुदत ठेवीत असती तर ३४ टक्क्यांची घसरण तुम्हाला १७ टक्क्यांची दिसली असती. २७ फेब्रुवारीच्या १२ टक्क्यांना तुम्ही हलला नाहीत, याचा अर्थ तुमची सहनशक्ती कमी नाही, तिला मर्यादा आहे.

रोखठोक

तारखेचा मुद्दा पटला. पण २००८ मध्ये तीन महिन्यांत परत शिरलेला माणूस पुन्हा मोठ्या घसरणीत सापडला असता, त्याचं काय?

जुना खलाशी

सापडला असता. सप्टेंबर २००८ मध्ये विकून डिसेंबरपर्यंत परत घेतलं असतं तर मार्च २००९ मध्ये आणखी घसरण सोसावी लागली असती. ती दुसऱ्यांदा सोसता येते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला स्वतःला तेव्हा आली नव्हती.

सावली

पाव हिस्सा आणि तारखा, दोन्ही आज लिहून काढले. कागद या वेळी बहिणीकडे ठेवतेय, ती त्या सहा जणांच्या गटात नाही. निम्मी रक्कम बाजाराबाहेर ठेवायची की तिसरा हिस्सा, यावर अजून ठरत नाहीये. कोणी स्वतः २००८ आणि २०२० दोन्ही पाहिले असतील आणि मधे हे प्रमाण बदललं असेल, तर किती केलं आणि का, ते वाचायला आवडेल.