भाकरी मशीन घ्यायची की नाही? (सोसायटी ग्रुप, मनीष नगर)

बी-302 वहिनी: सोसायटीत भाकऱ्या विकून पाहायला लागले त्याला चौदा दिवस झाले. आता हिशोब मांडते. मशीनवाला इतवारीतून रोज फोन करून राहिला, 38 हजार म्हणतो.

ए-104 काका: आधी ते सुरुवातीला लिहिलेलं टाका. नंतर आठवून लिहिलेलं चालणार नाही.

बी-302 वहिनी: फ्रिजवर चिकटवलंच आहे. तीन अटी होत्या. आपण आठवण न करता दुसऱ्या आठवड्यात 10 घरांनी पुन्हा मागवावं. 15 रुपयांच्या भाकरीमागे 6 तरी उरावे. आणि दुसऱ्या आठवड्यात किमान 4 दिवस मला ऑर्डर नाकाराव्या लागाव्या. हाताने 50 च्या वर जमत नाही.

सी-201 ताई: नाकाराव्या लागाव्या? हे काऊन?

बी-302 वहिनी: मशीन भाकऱ्या वाढवते, गिऱ्हाईक नाही ना वाढवत. 50 च होत नसतील तर मशीनचं काय करू?

ए-104 काका: बरोब्बर. आता आकडे.

बी-302 वहिनी: पहिल्या आठवड्यात 19 घरं. दुसऱ्यात 11 टिकली. एक किलो ज्वारीच्या पिठात 12 भाकरी निघाल्या, म्हणजे पीठ 5 रुपये, गॅस दीड, कागद-पिशवी 1. साडेसात उरले. पहिली अट झाली, दुसरीही.

सी-201 ताई: गॅस घरचाच लावला ना?

बी-302 वहिनी: वापरला घरचाच, पण हिशोबात 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव धरला. धंद्याला घरगुती चालत नाही, पुढे तोच लागणार. मात्र साडेसातात माझी मजुरी आहे बरं. रोज सरासरी 41 भाकऱ्या, अडीच तास. तासाला 120 च्या आसपास पडले.

ए-104 काका: आणि तिसरी?

बी-302 वहिनी: तिथंच घोडं अडलं. नाकारल्या फक्त रविवारी. मंगळवारी तर 26 च गेल्या. पण रविवारी 70 ची मागणी होती हो काका...

ए-104 काका: एका रविवारासाठी 38 हजार? अट चार दिवसांची होती. आणि हे सगळं थंडीत, भरताच्या दिवसांत. मे महिन्यात 45 डिग्रीत कोण मागवते ते पाहायचंच आहे.

सी-201 ताई: पहिल्या आठवड्यात मीपण मागवल्या होत्या, कौतुकानं. खरं सांगते, आमच्या घरी पोळीच लागते.

बी-302 वहिनी: म्हणूनच पहिला आठवडा धरला नाही ताई 😄 ठरलं तर. मशीन नाही, भाकऱ्या सुरू. खाद्यपदार्थाच्या नोंदणीचा अर्ज उद्या भरते. रविवारी खालच्या मावशींना दोन तास मदतीला बोलावते, 70 जमतात का बघू. उन्हाळ्यात याच तीन अटींवर परत दोन आठवडे.

डी-403: रविवारच्या 6 लिहा. झुणका मिळेल का सोबत?

बी-302 वहिनी: नाही. फक्त भाकरी. शनिवारी रात्री 9 नंतर ऑर्डर घेणार नाही.