सातवीतल्या न वाचणाऱ्या मुलांसाठी कादंबऱ्या सुचवा

वाचनपेटी: तालुक्याच्या गावातली मराठी शाळा, सातवीचा वर्ग. बत्तीसपैकी नऊ-दहा मुलं पुस्तक हातातच धरत नाहीत. राजा-राणी, जादू दिली की म्हणतात, "हे खोटंय बाई." म्हणून खऱ्या जगण्यातल्या चार-पाच कादंबऱ्या निवडायच्या आहेत. गेल्या वर्षी 'श्यामची आई' घेतलं. बेचाळीस रात्रींपैकी चौथी रात्रसुद्धा गाठली नाही. माझं कुठे चुकलं?

सागरवेळ: 'एक होता कार्व्हर' द्या. माझ्या भाचीने दोनदा वाचलं.

वाचनपेटी: ते चरित्र आहे हो, मला कादंबऱ्या हव्यात. आणि भाचीला वाचायची आवड आधीपासूनच असणार.

पानगळ: पातळ पुस्तक, मोठा टाइप, भरपूर चित्रं. जाडी बघूनच मुलं घाबरतात. बाकी काही नाही.

माळावरून: पानगळ, जाडीचं बरोबर आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाला पहिलीचं वाटावं असं पुस्तक दिलं, तर तो ते दप्तरात लपवतो. मी अठरा वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, हे कितीदा तरी पाहिलंय.

ताई, यादीच्या आधी एक करा. या मुलांना एकेकटं बसवून एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि काय झालं ते विचारा. मग पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. तुमचं वाचलेलं नीट सांगतो, पण स्वतः वाचताना जोडाक्षराला अडतो, ओळ हरवतो, असा मुलगा कंटाळलेला नसतो, वाचून दमलेला असतो. त्याला गोष्ट आधी कानाने हवी. दोन्ही पानं घडाघडा सांगून जांभई देणारा वेगळा. त्याला पुस्तक बदलून द्यायचं.

पहिलं पुस्तक मी 'बनगरवाडी' घेईन. 1955 सालची कादंबरी, दीडशे पानांच्या आतली. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो तर शाळेत पोरंच नाहीत, ती मेंढरांमागे. इथेच तुमची मुलं कान टवकारतील. पण सुरुवातीचं माळरानाचं वर्णन त्यांच्यावर सोडू नका, ते तुम्ही वाचा. रोज दहा मिनिटं, आणि थांबायची जागा आधी ठरवून ठेवा. शेकूकडे एकच बैल असतो आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू ओढते. तिथे पुस्तक मिटा आणि टेबलावर ठेवून द्या. दोन-तीन प्रती वर्गात हव्यात, कारण मधल्या सुट्टीत कोणीतरी पुढचं बघायला येतं.

अडचण भाषेची. धनगरी, माणदेशी शब्द अडतात. प्रत्येक शब्दाला थांबलात तर गोष्ट मरते. एका बैठकीत दोनच शब्द सांगा. वाचून झाल्यावर सारांश किंवा परीक्षण लिहायला लावू नका. "मास्तरच्या जागी तू असतास तर?" एवढं विचारलं तरी पुरे.

पानगळ: दप्तरात लपवण्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण माझ्या पुतण्याचं मोठ्या टाइपनेच जमलं, हेही खरं.

माळावरून: जमतं ना. टाइप मोठा असावा, गोष्ट बाळबोध नसावी, इतकंच.

डोंबिवलीकर: 'शाळा' कोणी का सुचवत नाही? नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, मुलांची खरी बोली. आम्ही रात्री जागून वाचलीय.

माळावरून: पुस्तक उत्तम. पण जाड आहे, शिव्या आहेत, आणि प्रेमाचा भाग सातवीत नुसता खिदळण्यावर जाईल. आठवीच्या शेवटी द्यावं.

डोंबिवलीकर: शिव्या मुलांना आपल्याकडून शिकाव्या लागत नाहीत. खिदळले तरी वाचतील ना!

आईची_डायरी: माझं जरा वेगळं आहे. मुलगी इंग्रजी माध्यमात, सहावीत. मराठी बोलते छान, वाचत नाही. मी रात्री लंपनच्या गोष्टी वाचून दाखवते, 'वनवास'पासून सुरुवात केली. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याची मैत्रीण सुमी, त्याचं ते 'मॅडसारखं'. आता ती स्वतः एक परिच्छेद वाचते, मग मी एक पान. शाळेत चालेल का माहीत नाही, या कथा आहेत, सलग कादंबरी नव्हे.

माळावरून: चालेल, उलट बरंच. एक कथा संपली की मुलाला 'पूर्ण वाचलं' म्हणता येतं, आणि पुढच्या कथेत तोच लंपन भेटतो. फक्त मोठ्या कथा दोन दिवसांत वाटून घ्या.

वाचनपेटी: तीन आठवडे झाले. दहा मुलांना वेगळं बसवून पाहिलं. सहाजण ऐकून सगळं सांगतात, वाचताना 'त्र' आणि 'ष्ट'ला अडतात. मी वर्षभर त्यांना आळशी समजत होते. 'बनगरवाडी' अर्ध्यावर आली आहे. शेकूच्या जागी पुस्तक मिटलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या आजीनंपण ओढलंय." सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. त्याने प्रत घरी नेली, परत आणली नाही, मीही मागितली नाही.

दोन मुली मात्र अजून हलत नाहीत. त्यांना वाचता येतं, ऐकतातही, पण "यात मुली कुठायत?" विचारतात. सातवीला जमेल अशी, मुलगी मध्यभागी असलेली, आजच्या काळातली मराठी कादंबरी कोणाला आठवते का? 'झोंबी', 'पाडस' सुचवू नका, दोन्हीत मुलगेच आहेत.

सागरवेळ: भाचीला विचारून सांगतो.